पदरातलं बूच

दैवशालाकाकूंना खोटं बोलता येत नाही, असं त्या स्वतःच सगळ्यांना सांगतात. त्यांचं सगळ्यात मोठं खोटं हेच.

त्या ट्रॅक्टर शिकल्या त्याचीच गोष्ट घ्या. नवरा पुंजारामकाका गुडघ्यानं अधू झाले, आणि ट्रॅक्टर धाकट्या दिराच्या, भुजंगभाऊंच्या, हातात गेला. काकू तेव्हा शेहेचाळीस वर्षांच्या. "मला शिकवा" म्हणाल्या असत्या तर भाऊंनी आधी हसून घेतलं असतं आणि मग गावभर सांगितलं असतं. काकूंनी तसं विचारलंच नाही. ओट्यावर भाकरी वाढता वाढता एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हसनाबादला एक ड्रायव्हर आलाय म्हणं. तुमच्याहून भारी रिव्हर्स घेतो म्हणून राह्यले लोक."

भाऊंनी भाकरी अर्धी टाकली. ट्रॅक्टर बाहेर काढून रिव्हर्स दाखवला. काकू मडगार्डवर बसून म्हणाल्या, "जरा सावकाश दाखवा. मला तिकडं बराबर सांगता यायला पायजे." आठ दिवस भाऊ सावकाश दाखवत होते. क्लच कधी दाबायचा, ब्रेकचा खटका कधी लावायचा, सगळं. नवव्या दिवशी काकू एकट्याच ट्रॅक्टर घेऊन गिरणीवर दळण आणायला गेल्या. भाऊंना आजही वाटतं की वहिनी बघून बघून आपोआप शिकल्या.

हसनाबादपासून आत आमचं गाव, आणि गावाला लागून तलाव. काकूंचं माहेर गोदाकाठचं, अंबड तालुक्यातलं. त्यांच्या आज्याची नाव होती. सासरी आल्या तेव्हा, त्यांच्याच शब्दांत, "पाणी हंड्यात तेवढं दिसायचं." त्यामुळे आमच्या सात बायकांच्या गटानं तलावात पिंजरे टाकून मासे वाढवायचं ठरवलं, तेव्हा त्यांचे डोळे कसे चमकले ते मी पाहिलंय. कागदपत्रं माझ्याकडे होती. मी बी.ए. झालेली, म्हणून गटाची लिहिणावळ सगळी माझ्या गळ्यात.

पिंजऱ्यापर्यंत रोज दाणा न्यायला नाव हवी. मत्स्य खात्याकडून ती मंजूर झाली: चौदा फुटी, फायबरची, मागे लहान इंजिन लावलेली, आणि दोन चाकांच्या ट्रेलरवर बसवलेली. तलावात बांधून ठेवली तर इंजिन एका रात्रीत कुणाच्या तरी विहिरीवर दिसलं असतं. म्हणून रोज सकाळी पाण्यात सोडायची आणि काम झालं की बाहेर काढून अंगणात आणायची. तलावाच्या भिंतीशेजारी काँक्रीटचा उतार होता, त्याला सगळे रॅम्प म्हणतात.

नाव मिळाली, पण ती तीन आठवड्यांच्या बोलीवर. एक माणूस येऊन एक दिवस सगळं शिकवून गेला. तीन आठवड्यांनी खात्याच्या प्रियदर्शनी मॅडम येणार, आणि गटातल्या बायकांनी बाहेरच्या कुणाची मदत न घेता त्यांच्यासमोर नाव पाण्यात सोडून परत काढून दाखवायची. जमलं तर नाव आमची. नाही जमलं तर यादीतल्या पुढच्या गटाला.

"मंग पुढच्या गटाचं नशीब चांगलं म्हणायचं," भुजंगभाऊ चौकात म्हणाले.

काकूंनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी भाऊंच्या दारात जाऊन म्हणाल्या, "भाऊजी, तेवढी नाव उतारावरून मागं घेऊन दाखवा ना. आमच्यानं कुठं व्हायचं."

मला तेव्हाच समजायला हवं होतं.

भाऊंनी आयुष्यभर उसाची चारचाकी ट्रॉली ओढली. तिची पुढची चाकं दांडीबरोबर वळतात. ती मागे घ्यायची कला अवघड, आणि भाऊ त्यात खरोखर पटाईत. पण नावेच्या ट्रेलरला दोनच चाकं. तिथे सगळा हिशेब उलटा: ट्रॅक्टरचं स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलरचं शेपूट डावीकडे जातं, तेही चटकन, कारण ट्रेलर आखूड. भाऊंच्या हातांनी तीस वर्षांच्या सवयीनं जे केलं, त्यानं ट्रेलर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला येऊन भिडला. पुढे घेतला, मागे घेतला, पुन्हा भिडला. तिसऱ्यांदा नाव वळून भाऊंच्या शेजारी येऊन उभी.

"नाव तुम्हाला बघायला आल्ती," कांताबाई म्हणाल्या. कांताबाई आमच्या इंजिनवाल्या.

भाऊ खाली उतरले आणि इज्जत वाचवायला दुसरंच काम हातात घेतलं. नावेचं नाक ट्रेलरच्या पुढच्या चरखीला पट्ट्यानं आणि हुकानं अडकवलेलं असतं. मागचे बांधलेले पट्टे आम्ही सोडले होते. "हे बी सोडून ठेवतो, खाली घाई नको," म्हणून त्यांनी उताराच्या माथ्यावरच हूक काढला. ट्रेलरवर रूळ आहेत. नाव रुळांवरून मागे निघाली, तिचा मागचा कोपरा काँक्रीटला घासला आणि तिथे वीतभर पांढरा ओरखडा पडला. पोटापर्यंत नाव ट्रेलरवर होती म्हणून वाचली. आम्ही सातजणींनी हूक परत अडकवला आणि चरखी फिरवून ती वर घेतली.

शिकवायला आलेल्या माणसानं दहा वेळा सांगितलं होतं की नावेला पाणी लागेपर्यंत चरखीचा हूक काढायचा नाही. पण ते आमच्या लक्षात राहिलं नव्हतं. भाऊंच्या ओरखड्यानंतर सातही जणींच्या कायमचं लक्षात राहिलं.

"मुद्दाम केलंत ना?" मी काकूंना नंतर विचारलं.

"मला खोटं बोलता येत न्हाई," काकू म्हणाल्या. "पण नावेला ओरखडा पडंल असं वाटलं नव्हतं बघ. तेवढं चुकलं."

त्यांनी स्वतः रिव्हर्स शिकण्याची युक्ती वेगळीच काढली. पहिले दोन दिवस ट्रॅक्टरला हातच लावला नाही. भाजीवाल्याची हातगाडी मागून आणली, ती अंगणात उलटी ओढायच्या आणि ढकलायच्या, आणि दांडी इकडे तर शेपूट तिकडे असं पुटपुटायच्या. मग ट्रॅक्टरवर. स्टिअरिंगच्या खालच्या काठाला एक हात धरायचा. शेपूट जिकडे न्यायचं तिकडे तो हात न्यायचा. डोकं वापरायचं नाही, म्हणाल्या, डोक्यानं घोटाळा होतो. ट्रेलर वाकडा जायला लागला की लगेच थांबायचं, थोडं पुढे घेऊन सरळ करायचं, पुन्हा मागे. "पुढं घ्यायला लाज कसली. लाजला त्याचा ट्रेलर मोडला," हे त्यांनी भाऊ ऐकू येण्याच्या अंतरावर असताना सांगितलं.

आता बुचाचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच येऊन अडलं.

नावेच्या मागच्या फळीला तळाशी एक भोक असतं. नाव बाहेर असली की ते उघडं ठेवायचं, म्हणजे आत साचलेलं पाणी, पावसाचं पाणी निघून जातं. पाण्यात सोडण्याआधी त्यात पितळेचं आट्याचं बूच फिरवून घट्ट बसवायचं. बूच अंगठ्याएवढं. ते हरवलं तर चौदा फुटी नाव म्हणजे चौदा फुटी चाळण. काकूंनी ते ठेवायला जगातली सगळ्यात सुरक्षित जागा निवडली: स्वतःच्या पदराची गाठ. पंचवीस वर्षं त्या गाठीत एस.टी.चे सुटे पैसे आणि कपाटाची किल्ली राहिली, एकदाही हरवली नाही. उतारावर आलं की हात पदराकडे जायचा, गाठ सुटायची, बूच लागायचं. रोज.

मॅडम येणार त्या दिवशी सकाळी मी काकूंच्या घरी गेले, तर त्या त्याच निळ्या, विटलेल्या साडीत.

"काकू, आज तरी चांगलं नेसा. फोटो निघणारेत."

"फोटो नावेचे काढायलेत का माझे?"

तरी मी हट्ट धरला. माहेरची जांभळी साडी त्यांना नेसवली, पदर खांद्यावर पिन लावून बसवला, वर कमरेला खोचला. निळी साडी त्यांनी काढून चौघडी केली आणि ट्रॅक्टरच्या सीटवर टाकली, कारण पत्र्याची सीट उन्हानं तापते. मी कौतुकानं बघत राहिले. इतकी शहाणी मी.

प्रियदर्शनी मॅडम जालन्याहून आल्या. तिशीच्या, पायात बूट, हातात मोबाईल, बोलणं कमी. आल्या आल्या नावेभोवती फिरून चार-पाच फोटो काढले. मागच्या बाजूला जरा जास्तच वेळ घेतला, तेव्हा मला वाटलं, ओरखडा दिसला.

भिंतीवर भुजंगभाऊ आणि निम्मं गाव बसलेलं. बाहेरच्यानं मदत करायची नाही ही अट सगळ्यांना माहीत होती, म्हणून सगळे नुसती तोंडं चालवत होते.

काकूंनी उताराच्या वर, सपाट जागेवर, बाजूला ट्रॅक्टर उभा केला. "तयारी इथं करायची मॅडम. उतारावर उभं राहून बांधाबांध केली की मागचे खोळंबतात." मागे खोळंबणारी एक म्हैस होती. दाण्याची पोती आत चढली, लाइफ जॅकेट अंगात चढली. नाकाला लांब दोर बांधला. इंजिन वर उचललेलंच होतं, नाहीतर त्याचा पंखा काँक्रीटला घासतो. कांताबाईंनी डावा पट्टा सोडला, काकू उजवा सोडून फळीच्या मागे वाकल्या, आणि नेमकं तेव्हाच मॅडमनी विचारलं, "ट्रेलरच्या दिव्यांचं काय करता?"

"वायर काढून ठेवायची," म्हणत काकू उठून पुढे गेल्या. "तापलेला दिवा गार पाण्यात गेला की तडकतो." वायर काढली. मॅडमनी मान डोलावली. काकू तशाच ट्रॅक्टरवर चढल्या.

चढून बसल्या आणि जरा तिरक्या झाल्या. पुन्हा बसल्या. मला वाटलं सीट भाजत असेल.

रिव्हर्स मात्र बघण्यासारखा झाला. हात खालच्या काठाला, मान मागे, ट्रॅक्टर मुंगीच्या चालीनं. अर्ध्या उतारावर ट्रेलर डावीकडे कलला. काकू थांबल्या, हातभर पुढे घेतला, सरळ केला, पुन्हा मागे. ट्रेलरची चाकं पाण्यात गेली, नावेची मागची बाजू हलकी होऊन डोलायला लागली, तिथे थांबल्या. ट्रॅक्टरची मागची चाकं कोरडी. ब्रेकचा खटका लावला, आणि मी चाकामागे ओंडका सारला.

"आता हूक," काकू भिंतीकडे बघून जरा मोठ्यानं म्हणाल्या. "आता. आधी न्हाई."

भाऊंनी तलावाच्या पलीकडे काहीतरी महत्त्वाचं बघायला सुरुवात केली.

कांताबाई नावेत, दोर माझ्या हातात. हूक काढला, एक ढकल, आणि नाव लोण्यासारखी घसरून पाण्यावर उभी. काकूंनी रिकामा ट्रेलर वर नेऊन बाजूला लावला, म्हशीला वाट मोकळी झाली. भिंतीवरून कुणीतरी टाळी वाजवली.

"दैवशाला," कांताबाई नावेतून म्हणाल्या, "माझे पाय ओले व्हायले."

"शिंतोडे असतील."

"शिंतोडे न्हाईत. पैंजण बुडायलेत."

काकूंचा हात पदराकडे गेला. पदर खांद्यावर होता, पिन लावलेला. मी त्यांचा चेहरा बघितला. तो क्षणभर असा झाला की माझ्या हातातला दोर सुटायचा राहिला. त्यांनी मान वळवून ट्रॅक्टरच्या सीटकडे बघितलं. निळी चौघडी. चौघडीच्या एका कोपऱ्यात टेंगूळ. मघाशी टोचत होतं ते काय, हे त्यांना आणि मला एकदमच कळलं.

भिंतीवर भाऊ उठून उभे राहिले. तीस वर्षं गाड्या हाकलेला माणूस, त्याला काय लागायचं ओळखायला. "वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही बू..."

"भाऊजी," काकू म्हणाल्या, शांतपणे, "परीक्षेत उत्तर सांगायचं नसतंय. खाली बसा."

भाऊ खाली बसले. काकू मॅडमकडे वळल्या. पदर सारखा केला.

"मॅडम, नाव सोडायची दाखवली. आता दुसरा भाग दाखवते. समजा, एखादी बाई बूच लावायचं विसरली. नव्या लोकांचं होतं असं. मंग काय करायचं?"

"दाखवा," मॅडम म्हणाल्या.

"पहिली गोष्ट, घाबरायचं न्हाई. कांताबाई, घाबरलीस का?"

"मी काय घाबरू," कांताबाई पायाखालचं पाणी बघत म्हणाल्या. "मला काही सांगितलंच न्हाई कुणी."

"बघा, घाबरली न्हाई. दुसरी गोष्ट, बादली घेऊन उपसत बसायचं न्हाई. भोक उघडंय तोवर तलाव काही उपसून व्हायचा न्हाई. नाव सरळ ट्रेलरवर घ्यायची. जल्दी, पण पळायचं न्हाई, उताराला शेवाळ असतंय."

आणि पळाल्या नाहीत. भराभर चालत ट्रॅक्टरपाशी गेल्या, सीटवरची चौघडी उचलून माझ्याकडे फेकली, आणि या वेळी मधे एकदाही न थांबता ट्रेलर मागे घेतला. ट्रेलर फार खोल गेला तर नाव त्याच्यावर तरंगत राहते आणि वाकडी बसते. म्हणून पुढचे रूळ दिसतील एवढंच पाणी. मी दोरानं नाक ओढून ट्रेलरच्या मधोमध आणलं. कांताबाईंनी खाली सोडलेलं इंजिन पुन्हा वर उचललं. पाणी आता त्यांच्या नडगीला होतं. काकूंनी नाकात हूक अडकवला आणि चरखी फिरवायला घेतली.

चरखी जड होती. आत पाणी भरलेली नाव म्हणजे दुप्पट नाव. चरखीचा दांडा सुटला तर मनगट मोडतो, म्हणून काकू दर दोन फेऱ्यांनी खटका बसल्याचा टक् आवाज ऐकून घेत होत्या. पट्ट्याच्या सरळ रेषेत कुणी उभं राहू नये म्हणून आम्हाला त्यांनी डोळ्यांनीच बाजूला सारलं. नाक पुढच्या रबराला टेकलं. सुरक्षेची साखळी लावली.

"आता एकदम ओढायचं न्हाई," काकू मॅडमना सांगत होत्या, आणि त्यांच्या कपाळावरून घामाची धार चालली होती. "एवढं वजन ट्रेलरला झेपत न्हाई. थोडं वर घ्यायचं, थांबायचं. पाणी त्याच्या त्याच्या रस्त्यानं जातंय."

ट्रॅक्टर दोन हात पुढे आला. मागच्या फळीच्या भोकातून पाण्याची धार लागली, माठाच्या तोटीसारखी. काकू थांबल्या. सगळं गाव ती धार बघत बसलं. धार बारीक झाली, मग आणखी दोन हात. असं चार वेळा. तोवर मी निळ्या साडीची गाठ दातांनी सोडवत होते. पंचवीस वर्षांच्या सवयीची गाठ ती, सहज कशी सुटणार. सुटली तेव्हा पितळ माझ्या जिभेला लागलं.

काकूंनी बूच घेतलं, आटे फिरवून बसवलं, बोटानं चाचपलं, आणि मग सगळं पहिल्यापासून केलं. नाव पुन्हा पाण्यात गेली, कांताबाई कोरड्या फळीवर बसून पिंजऱ्यापर्यंत फेरी मारून आल्या, नाव पुन्हा बाहेर आली. वर सपाटीवर बूच काढलं, पट्टे बांधले, वायर जोडली. म्हैस एव्हाना पाणी पिऊन परत गेली होती.

मॅडमनी कागदावर सही केली. नाव आमची झाली. भिंतीवर टाळ्या वाजल्या, आणि त्यात भाऊंचीही होती, तेवढं सांगायला हवं.

चहा घेताना मॅडमनी काकूंना जवळ बोलावलं आणि मोबाईल पुढे धरला. आल्या आल्या काढलेला फोटो. नावेची मागची फळी, ओरखडा, आणि तळाशी उघडं भोक.

"ट्रॅक्टर हलला तेव्हाही हे असंच होतं, काकू. मी बघितलं होतं."

काकूंनी फोटो नीट बघितला. "मंग बोलला का न्हाईत?"

"परीक्षेत उत्तर सांगायचं नसतंय," मॅडम म्हणाल्या.

काकू हसल्या नाहीत. बशीतला चहा संपवला. मग म्हणाल्या, "मला खोटं बोलता येत न्हाई मॅडम. विसरले होते."

माझ्या माहितीत त्यांनी हे वाक्य पहिल्यांदाच खरं करून दाखवलं.

"विसरतात सगळेच," मॅडम म्हणाल्या. "पण परत काढतात थोडेच. पुढच्या महिन्यात पाच गट आणते इथं. त्यांना शिकवा. आणि तो विसरायचा भाग गाळू नका."

तेव्हापासून काकूंनी बूच साखळीनं ट्रॅक्टरच्या चावीलाच अडकवलंय. नाव सोडायला आलं की चावी हातात येते, चावीबरोबर बूचही. विसरायची सोयच राहिली नाही. माथ्यावरच हूक काढून दाखवायचं काम भाऊंकडे आहे. त्यासाठी उतारावर जुनी गादी टाकतात, आणि भाऊ ते इतक्या मनापासून करतात की काकूंना दरवेळी त्यांचं कौतुक करावं लागतं.

परवा अंतरवाली सराटीकडच्या बायका शिकायला आल्या होत्या. काकूंनी साखळीतून बूच सोडवलं, निळ्या साडीच्या पदरात बांधलं, साडी सीटवर टाकून तिच्यावर बसल्या आणि तिरक्या झाल्या.

"लई अवघड झालंय पोरी," मला हळूच म्हणाल्या. "विसरायचं आहे हे रोज ध्यानात ठेवावं लागतंय."